खुर्ची रिकामी झाली म्हणून

नमस्कार ताई,

मी ३३ वर्षांची, पुण्यात एका कर्ज देणाऱ्या कंपनीत बॅकएंड इंजिनिअर आहे. नोकरीला दहा वर्षं झाली. गेल्या महिन्यात आमच्या मॅनेजरने राजीनामा दिला आणि डिरेक्टर मला म्हणाले, "टीम तू घे, माणसं छान सांभाळतेस." टीममध्ये नऊ जण आहेत. पंधरा दिवसांत उत्तर द्यायचंय. मला खरं तर किचकट बग शोधायला आवडतं. मध्यंतरी एका रविवारी ग्राहकांचे हप्ते दोनदा कापले जात होते, तेव्हा कारण सापडेपर्यंत मला जेवायचंही भान नव्हतं. पण डिझाइनच्या मीटिंगमध्ये माझं कोणी ऐकत नाही; मॅनेजर झाले तर ऐकतील असं वाटतं. ऑफिसात शंभरेक इंजिनिअर आहेत, त्यांत स्टाफ इंजिनिअर फक्त दोन. नवरा म्हणतो, चाळिशीनंतर नुसत्या कोडिंगवाल्याला कोण ठेवतं? बाबा महावितरणमधून निवृत्त झालेत, त्यांना लेक 'साहेब' झालेली बघायचीय. काय करू?

— क., बावधन

प्रिय क.,

डिरेक्टरांना होय-नाही कळवण्याआधी एक प्रश्न विचारून या: "मी टीम घेतली नाही, तर पुढच्या दोन वर्षांत माझ्यासाठी इथे काय आहे?" तुमच्या पत्रात मॅनेजरचं पान वाढून तयार आहे आणि दुसरं पान अजून मांडलेलंच नाही. अशा वेळी माणूस भूक कशाची आहे ते बघत नाही, समोर असेल ते खातो. मी स्वतः तसंच केलं होतं, त्याबद्दल पुढे सांगते.

शंभरात दोन स्टाफ, म्हणजे टीम न सांभाळता सीनिअरच्याही वर गेलेले इंजिनिअर दोनच, हा आकडा तुम्ही ओझरता लिहिलाय, पण माझी नजर तिथेच अडकली. टेक्निकल माणसाला टीम न देता वर नेण्याची दुसरी शिडी ही काही नवी कल्पना नाही. आयबीएमने 'फेलो' हे पद १९६० च्या दशकात काढलं ते त्याचसाठी. पण या दोन शिड्यांच्या पायऱ्या तयार होण्याची रीत वेगळी आहे. मॅनेजरची खुर्ची माणसं वाढली की आपोआप तयार होते. आठ-दहा जण झाले की कोणीतरी लागतंच, म्हणजे शंभर जणांत दहा-बारा मॅनेजर आलेच. स्टाफची जागा तशी निघत नाही. एका टीमच्या कुंपणात न मावणारा प्रश्न आहे आणि तो अमुक माणूस सोडवतोय, हे वरच्यांना दिसलं तरच ती निघते. त्यामुळे तुमच्याकडची दुसरी शिडी खरी की नुसती एचआरच्या पीपीटीतली, हे तपासावं लागेल. त्या दोघांना एकेकदा चहाला घेऊन जा. स्टाफ झाले ते इथेच वर चढून की बाहेरून त्याच पदावर आले? शेवटची बढती कोणत्या साली झाली? आणि मोठे निर्णय ते घेतात, की निर्णय दुसऱ्या शहरातल्या मुख्य ऑफिसात होतात आणि हे फक्त कळवतात? दोघंही बाहेरून आलेले असतील आणि आतून वर गेलेलं एकही नाव निघालं नाही, तर या कंपनीत ती शिडी नाही असं समजा. मग तुमचा प्रश्न 'मॅनेजर की टेक्निकल' हा राहत नाही, 'ही कंपनी की दुसरी' हा होतो. तो पंधरा दिवसांत सुटणार नाही, सोडवायची गरजही नाही.

शिडी आहे असं धरून पुढे जाऊ. तुमचा तो रविवार मला सोन्यासारखा वाटतो, पण तुम्हाला वाटतो त्या कारणासाठी नव्हे.

मी कर्जवसुलीच्या सिस्टिमवर काही वर्षं काम केलंय, आमच्याकडेही हप्ते दोनदा कापले गेले होते. ग्राहकांच्या खात्यातून आपोआप कापायच्या हप्त्यांची फाइल बँकेकडे गेली. उत्तराची फाइल उशिरा आली. आमच्या टेबलात हप्त्याला दोनच अवस्था होत्या, 'बाकी' आणि 'भरला'. उत्तर आलेलं नाही म्हणजे 'बाकी', असं धरून रात्री आपोआप चालणाऱ्या जॉबने तेच हप्ते पुन्हा फाइलमध्ये घातले. मी कारण शोधलं, रात्री साडेअकराला जॉब थांबवला, दुसऱ्या दिवशी ग्रुपवर टाळ्यांचे इमोजी पडले. मला वाटलं, काम झालं.

झालं नव्हतं. ज्यांचे पैसे दोनदा गेले त्यांच्या खात्यात दुसऱ्या कुठल्या हप्त्यापुरती शिल्लक उरली नाही, तो बाउन्स झाला, त्यावर बँकेचा दंड बसला. आम्ही मूळ रक्कम परत केली, दंडाचं कोणाच्या लक्षातही आलं नाही. आणि जॉब दुरुस्त करणं म्हणजे एकच नळ बंद करणं होतं. खरा उपाय असा होता: 'पाठवला, उत्तराची वाट' अशी तिसरी अवस्था हवी. प्रत्येक हप्त्याला कर्ज क्रमांक आणि हप्ता क्रमांक मिळून एकच एक खूण हवी, आणि ती खूण असलेला हप्ता फाइलमध्ये दिसला की, आधीच्या प्रयत्नाचा निकाल लागेपर्यंत, बँकेशी बोलणाऱ्या सिस्टिमने तो घ्यायलाच नकार द्यायला हवा. यातलं कोड दोन आठवड्यांचं होतं. पण त्यासाठी तीन टीमांनी एक नियम मानायला हवा होता. लेजरवाले म्हणत, तिसरी अवस्था आली की आमचे सगळे रिपोर्ट चुकतील. वसुलीवाले म्हणत, उत्तराची वाट बघत बसलो तर महिनाअखेरचा आकडा पडेल. बँकेच्या जोडणीवाले म्हणत, आम्ही नुसते पोस्टमन, आम्हाला यात ओढू नका. या सगळ्याला चार महिने लागले. दोन पानी टिपण तीनदा नव्याने लिहावं लागलं, वसुलीच्या प्रमुखांबरोबर बसून मागच्या सहा महिन्यांच्या उशिरा आलेल्या उत्तर-फायली मोजाव्या लागल्या, तेव्हा कुठे ते म्हणाले, "बरं, दोन दिवस थांबू."

स्टाफ इंजिनिअरचं काम ते चार महिने. साडेअकराची ती रात्र सीनिअर इंजिनिअरची होती. तुम्हाला रविवार आवडला हे कळलं. त्यानंतरचे चार महिने आवडतील का, हे तुमच्या पत्रातून कळत नाही. टेक्निकल शिडी म्हणजे माणसांपासून सुटका, या समजुतीवर ती निवडू नका. तिथेही माणसंच असतात, फक्त त्यांचं अप्रेझल तुमच्या हातात नसतं.

आता मॅनेजरचा आठवडा. माझ्याकडे आठ जण होते, तुमच्याकडे नऊ असतील. दर आठवड्याला प्रत्येकाशी अर्धा तास म्हटलं तर साडेचार तास. बोलणं झाल्यावर टिपायचं, ज्याला जे कबूल केलं ते मार्गी लावायचं, त्याला जवळपास तेवढाच वेळ. म्हणजे एक अख्खा दिवस इथेच गेला. प्लॅनिंग, रिव्ह्यू, इतर टीमांशी देवाणघेवाण यात दीड दिवस. भरती चालू असेल तर तिला अंत नाही: उमेदवार निवडायचा, त्याचा नोटीस पीरियड नव्वद दिवसांचा, त्या नव्वद दिवसांत तो तुमची ऑफर दाखवून आणखी दोन ऑफर मिळवतो आणि रुजू व्हायच्या आदल्या आठवड्यात त्याचा फोन लागेनासा होतो. मग पुन्हा पहिल्यापासून. उरलेला वेळ दिसायला दहा-बारा तास दिसतो, पण तो अर्ध्या अर्ध्या तासाच्या तुकड्यांत विखुरलेला असतो. तुमचा तो बग अर्ध्या अर्ध्या तासाच्या तुकड्यांत सापडला असता का?

नवा मॅनेजर इथे हमखास एक चूक करतो. 'एवढं एक महत्त्वाचं काम मीच करते' म्हणून स्वतःकडे ठेवतो. मग मीटिंगांमध्ये ते मागे पडतं आणि चार जण त्याच्यासाठी ताटकळत बसतात, कारण मॅनेजरला "तुमचा कोड रिव्ह्यूला कधी येणार?" असं विचारायची कोणाची छाती होत नाही. आपला कोड आठवडाभर रखडलाय आणि रोजच्या स्टँडअप मीटिंगमध्ये त्याचं नाव कोणी काढत नाही, असं दिसलं की ओळखायचं, टीमची अडचण आपणच झालोय.

पण वेळ गेला याचं मला फारसं दुःख झालं नाही. मी अडखळले ती दुसऱ्याच गोष्टीवर.

माझं मॅनेजर म्हणून पहिलं अप्रेझल. टीममध्ये एक मुलगा होता, त्याला इथे स. म्हणू. कोड चांगला लिहायचा, पण कामं अर्ध्यावर सोडायचा. शेवटचं टेस्टिंग, डॉक्युमेंट, दुसऱ्या टीमला कळवणं हे कोणीतरी त्याच्यामागून उचलायचं. बहुतेकदा मीच उचलायचे. सवयच होती. मार्चमध्ये सगळे मॅनेजर एका खोलीत बसलो, प्रत्येकाने आपापल्या माणसांची रेटिंगं मांडली, आणि ठरलेल्या टक्केवारीत बसवायला काही नावं खाली सरकवायची होती. मला विचारलं, "स.ने पूर्ण केलेल्या तीन गोष्टी सांगा." मला दोनच सांगता आल्या. रेटिंग खाली गेलं. हे त्याला सांगायला मी त्याला बोलावलं, तो शांतपणे ऐकत होता, समोरच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत होता, काढत होता. मग म्हणाला, "मॅडम, हे जुलैत का नाही सांगितलंत? नऊ महिने होते माझ्याकडे."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. जुलैत सांगितलं नाही कारण मला ते बोलणं नको होतं, आणि त्याचं उरलेलं काम रात्री बसून पूर्ण करणं मला सोपं वाटलं. ऑफिसात सगळे म्हणायचे, हिला माणसं छान सांभाळता येतात.

म्हणून तुमच्या डिरेक्टरांच्या त्या वाक्याशी जरा थांबा. 'माणसं छान सांभाळतेस' म्हणताना त्यांनी नेमकं काय पाहिलंय? एक कागद घ्या, गेल्या वर्षात टीमसाठी केलेली आणि तिकिटात कुठेही न आलेली कामं लिहा. नव्या मुलाला सिस्टिम समजावली, दोन टीमांचं भांडण मिटवलं, मीटिंगची टिपणं पाठवली, रिलीजच्या आदल्या दिवशी सगळ्यांना फोन केले. यातलं काही खरोखर नेतृत्व असतं, काही नुसतं मागून केर काढणं असतं, आणि बायकांच्या वाट्याला हे दुसरं जरा जास्तच येतं. ते केलंत म्हणून मॅनेजर व्हा, हे कारण कच्चं आहे. दुसऱ्या बाजूला वेगळं टिपा: एखाद्या सहकाऱ्याला त्याची चूक, तोंडावर, वेळेत, तिसऱ्या कोणाला मध्ये न घालता सांगितलीत आणि त्याचं काम त्यानंतर सुधारलं, असं गेल्या दोन वर्षांत किती वेळा झालं? एकदा झालं असलं तरी मॅनेजरकी जमायची शक्यता आहे असं मी म्हणेन. एकदाही नसेल, तर ती तुम्हाला माझ्यासारखी महागात शिकावी लागेल.

'मॅनेजर झाले तर ऐकतील' हा मात्र भ्रम आहे, आणि तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त काळजी याच वाक्याची वाटली. गुगलने २००२ मध्ये इंजिनिअरांवरचे मॅनेजर काढून टाकून पाहिले होते. प्रयोग काही महिन्यांतच गुंडाळावा लागला, कारण खर्चाच्या मंजुऱ्या आणि आपसातल्या कुरबुरी घेऊन लोक थेट लॅरी पेजच्या दारात जायला लागले. म्हणजे मॅनेजर लागतो तो यासाठी. पुढे त्यांनीच चांगल्या मॅनेजरचे आठ गुण शोधून काढले, त्यांत शिकवण्याची हातोटी पहिली होती आणि तांत्रिक ज्ञान आठवं. खुर्चीवर बसल्यावर तुमच्या टीममधले नऊ जण तुमच्या डिझाइनला मान डोलावतील, ते मात्र पटलं म्हणून की रेटिंग तुमच्या हातात आहे म्हणून, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. आणि ज्या बाकीच्या टीमा आज ऐकत नाहीत, त्यांचं रेटिंग तेव्हाही तुमच्या हातात नसेल.

ऐकलं जाण्याचा उपाय वेगळा आहे. मीटिंगमध्ये बोलून पटवायचा नाद सोडा. त्या दुहेरी हप्त्यांवर दोन पानं लिहा: किती ग्राहक, किती रुपये, परत द्यायला किती दिवस लागले, कोणत्या तीन टीमांच्या हद्दीत चूक घडली, नियम कोणता हवा, आणि तो न केल्यास पुन्हा कधी घडेल. मीटिंगच्या तीन दिवस आधी ज्यांचा विरोध होईल अशा दोघांना एकेकटं भेटून ती पानं दाखवा. त्यांच्या हरकती त्यांच्याच शब्दांत टिपणात घाला. मीटिंगमध्ये मग भांडण उरत नाही, शिक्कामोर्तब उरतं.

तुमच्या नवऱ्याचं म्हणणं अगदीच चूक नाही, पण जुनं आहे. ज्या सर्व्हिस कंपन्यांत हाताखाली माणसं किती यावर पगार ठरायचा, तिथलं ते शहाणपण आहे. प्रॉडक्ट कंपन्यांत गेल्या काही वर्षांत कुऱ्हाड मधल्या मॅनेजरांवरही पडली. २०२३ मध्ये मेटाने बऱ्याच मॅनेजरांना पुन्हा इंजिनिअरचं काम करायला सांगितलं. ॲमेझॉनने सप्टेंबर २०२४ मध्ये मॅनेजरांच्या तुलनेत प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचं प्रमाण निदान १५ टक्क्यांनी वाढवायचं जाहीर केलं. चाळिशीनंतर अडचण त्याची होते जो दहा वर्षं एकाच कंपनीची एकच सिस्टिम ओळखतो, मग पदाचं नाव काहीही असो. घरी वाद घालण्यापेक्षा एचआरकडून एक गोष्ट विचारून आणा: स्टाफ आणि मॅनेजर यांची ग्रेड एकच आहे का, आणि त्या ग्रेडचा पगाराचा पट्टा एकच आहे का. 'साधारण सारखंच' हे उत्तर चालणार नाही.

मी चार वर्षांनी परत टेक्निकल कामाकडे आले. हात बसायला सहा महिने लागले आणि मला एक ग्रेड खाली यावं लागलं, कारण जाताना मी काही ठरवून घेतलं नव्हतं. कंपनीने तेव्हा तोंडी म्हटलं होतं, "केव्हाही परत ये." ज्यांनी म्हटलं ते नंतर सोडून गेले.

एवढ्या पत्रावरून माझं मत विचाराल तर टीम आत्ता घेऊ नका. तुमचा आनंद कारण सापडण्यात आहे आणि तुमची तक्रार ऐकलं न जाण्याची आहे. ही खुर्ची पहिलं काढून घेईल आणि दुसरं देणार नाही. डिरेक्टरांकडे नुसता नकार घेऊन मात्र जाऊ नका, ती दोन पानं घेऊन जा. म्हणा, हप्त्यांचा हा प्रश्न तिन्ही टीमांत मिळून मी सोडवते, त्याला सहा महिने द्या, आणि तो सुटला तर स्टाफच्या बढतीसाठी तो धरला जाईल असं मेलवर लिहा. ते लगेच लिहितील, किंवा 'बघू या' म्हणतील. 'बघू या' आलं की रेझ्युमे काढायला हरकत नाही.

आणि स.सारख्या कोणाशी वेळेत बोलल्याची आठवण निघाली, ते बोलणं जमलं याचं समाधान बग सापडण्याइतकंच होतं असं वाटलं, तर माझं मत बाजूला ठेवा आणि टीम घ्या. पण सहा महिन्यांची हंगामी म्हणून घ्या. नऊऐवजी पाच-सहा जण मागा, बाकीचे शेजारच्या टीमकडे जाऊ देत. तुमचं आजचं कोडिंग कोणाकडे जाणार, ते नावासकट विचारा. 'तूच बघशील' हे उत्तर म्हणजे एका पगारात दोन नोकऱ्या. परत आलात तर आजचीच ग्रेड, हे एचआरला मेलमध्ये ठेवून लिहून घ्या. आणि तारीख बघा. अप्रेझल मार्चमध्ये असेल आणि तुम्ही जानेवारीत बसलात, तर न पाहिलेल्या दहा महिन्यांच्या कामाची रेटिंगं तुमच्या तोंडून जातील. तसं असेल तर या वर्षीची रेटिंगं आधीच्या मॅनेजरने जाण्याआधी लिहून द्यावीत असा आग्रह धरा. तो नोटीस पीरियडवर आहे, त्याच्याकडे वेळच वेळ आहे.

बाबांचं मात्र सोपं आहे. स्टाफ झालात तर त्यांना एवढंच सांगा की तीन खात्यांचे साहेब तुमच्या टिपणावर सही केल्याशिवाय फाइल पुढे पाठवत नाहीत. महावितरणच्या माणसाला याचा अर्थ बरोबर कळेल.

— ताई